आडव्या पडद्यावर उभी चौकट

संगणकाचा पडदा आडवा आणि हातातला फोन उभा. एक्सेल, टॅली, ऑनलाइन अर्ज किंवा चित्रांचं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या माणसाची खरी अडचण इथून सुरू होते. स्वयंपाक दाखवायचा असेल, शेतातलं पीक दाखवायचं असेल, तर फोन उभा धरला की काम झालं. पण ज्याचं कामच संगणकाच्या पडद्यावर चालतं, त्याला ते काम उभ्या चौकटीत बसवावं लागतं, आणि ते आपोआप बसत नाही.

उभी चौकट आता नाइलाज म्हणून स्वीकारायची गोष्ट राहिलेली नाही. भारतात जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि काही आठवड्यांतच इन्स्टाग्रामचे रील्स आणि पाठोपाठ यूट्यूबचे शॉर्ट्स आपल्याकडे सुरू झाले. यूट्यूबचा नियम तर सरळ चौकटीच्या आकारावरच उभा आहे. 15 ऑक्टोबर 2024 पासून चढवलेला व्हिडिओ उभा किंवा चौरस असेल आणि तीन मिनिटांच्या आत असेल, तर तो शॉर्ट म्हणून धरला जातो. तोच व्हिडिओ आडवा असला तर तो साधा व्हिडिओ. म्हणजे तुमची क्लिप कोणत्या रांगेत जाऊन बसणार, हे तिच्या रुंदी-उंचीवरून ठरतं.

बहुतेक जण इथे दोनपैकी एक सोपी वाट धरतात. पहिली वाट म्हणजे पडदा आडवाच रेकॉर्ड करायचा आणि तो उभ्या चौकटीत मधोमध ठेवून वर-खाली काळं सोडायचं. हिशेब करून बघा. नेहमीचा पडदा 1920 बाय 1080 पिक्सेलचा असतो, उभी चौकट 1080 बाय 1920 ची. 1920 ची रुंदी 1080 मध्ये कोंबली की उंची उरते फक्त 608. फोनच्या पडद्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग वापरला गेला. एक्सेलमधलं नेहमीचं 11 पॉइंटचं अक्षर संगणकावर 15 पिक्सेलचं असतं, ते इथे साडेआठ पिक्सेलवर येतं. फोनच्या पडद्याची रुंदी साधारण सात सेंटिमीटर धरली, तर ते अक्षर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरतं. वर्तमानपत्रातल्या बातमीचं अक्षर याच्या चार-पाच पट मोठं असतं. एवढ्या बारीक अक्षरात कोणी काही शिकू शकत नाही, तो अंगठा सरकवून पुढे जातो.

दुसरी वाट म्हणजे आडवं रेकॉर्ड करून नंतर मधला उभा तुकडा कापून घ्यायचा. यात 1920 पैकी 608 पिक्सेलच उरतात, आणि ते ताणून 1080 करावे लागतात, म्हणून अक्षरं पुसट होतात. त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. रेकॉर्ड करताना तुम्हाला पूर्ण पडदा दिसत असतो, त्यामुळे हात सवयीने डावीकडच्या मेनूवर जातो, मग उजव्या कोपऱ्यात जातो. नंतर कापायला बसलं की कळतं, जे दाखवायचं होतं ते नेमकं चौकटीबाहेर घडलं आहे.

म्हणून चौकट आधी ठरवायची आणि तिच्यात बसूनच शिकवायचं, हा माझ्या मते एकमेव धड मार्ग आहे. त्यासाठी पैसे लागत नाहीत. ओबीएस स्टुडिओ हे मोफत, मुक्त स्रोताचं सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि त्यात ‘कॅनव्हास’ नावाची सोय आहे. कॅनव्हास म्हणजे ज्या कोऱ्या जागेवर तुम्ही पडदा, कॅमेरा, शीर्षक असे घटक मांडता ती जागा. ती मूळची तुमच्या पडद्याच्या मापाची असते, पण तसंच राहायला हवं असं काही बंधन नाही. ती उभी केली की रेकॉर्डिंगही उभंच होतं. नंतर कापाकापी नाही, ताणाताण नाही.

पण माप बदलण्याआधी एक काम करा, कारण ते राहिलं की पुढे चिडचिड होते. ओबीएस दोन वेगळ्या कप्प्यांत गोष्टी साठवतं. Profile मध्ये कॅनव्हासचं माप, रेकॉर्डिंगचा दर्जा अशा सेटिंग्ज असतात. Scene Collection मध्ये तुम्ही मांडलेले पडदे, कॅमेरे आणि शीर्षकं असतात. वरच्या पट्टीतल्या या दोन्ही मेनूंमध्ये जाऊन New म्हणा आणि दोन्हींना ‘उभं’ असं नाव द्या. नुसतं माप बदललंत तर आडव्यासाठी नीट बसवलेली जुनी मांडणी उभ्या चौकटीत विस्कटते, आणि नुसती मांडणी नवी केलीत तर पुढच्या वेळी आडव्या तासिकेचं रेकॉर्डिंगही उभंच होऊन बसतं. दोन्ही कप्पे वेगळे केले की आडव्यातून उभ्यात दोन क्लिकमध्ये जाता येतं.

आता Settings उघडून Video या भागात जा. तिथे मापाच्या दोन ओळी आहेत, एक Base या शब्दाने सुरू होणारी आणि दुसरी Output या शब्दाने. पहिली कॅनव्हासची, दुसरी तयार होणाऱ्या फाइलची. यादीत तुमच्या पडद्याची मापं दिसतात आणि उभं माप कुठेच नसतं, म्हणून पुष्कळ लोक इथेच थांबतात. पण त्या चौकोनात टंकता येतं. दोन्ही ओळींत पुढचं माप लिहा:

```
1080x1920
```

मधलं चिन्ह म्हणजे इंग्रजी एक्स हे अक्षर. लिहिल्यावर शेजारी Aspect Ratio 9:16 असं दिसायला हवं, आणि ते दोन्ही ओळींसमोर सारखं असायला हवं. खालच्या ओळीत जुनं आडवं माप राहून गेलं तर ओबीएस उभं चित्र ताणून आडव्या फाइलमध्ये बसवतं आणि माणसं बुटकी-जाडी दिसू लागतात. चेहरे असे पसरट दिसले की दुसरीकडे कारण शोधू नका, याच दोन ओळी पाहा. आणि मापाची जागा करडी पडली असेल, बदलूच देत नसेल, तर रेकॉर्डिंग, थेट प्रक्षेपण किंवा व्हर्च्युअल कॅमेरा यांपैकी काहीतरी चालू आहे. ते बंद केलं की जागा मोकळी होते.

पिक्सेलची एकूण संख्या आडव्यात जेवढी, तेवढीच उभ्यात. त्यामुळे संगणकावर जादा भार पडत नाही. आडवं रेकॉर्डिंग ज्या यंत्रावर सुरळीत होतं, त्यावर उभंही होतं.

आता एक क्लिप प्रत्यक्ष बांधू. समजा, तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग घेणाऱ्या एका बाईंना एक्सेलमधली एकच गोष्ट शिकवायची आहे, लांब यादी खाली सरकवली तरी मथळ्याची ओळ जागेवर कशी राहील. यादी चाळीस विद्यार्थ्यांची आहे, स्तंभ चार: अनुक्रमांक, नाव, गाव, फी. क्लिप पाऊण मिनिटाची. त्यांच्याकडे 1920 बाय 1080 चा एक पडदा आहे आणि साधा वेबकॅम.

या पडद्याची उंची 1080 आणि उभ्या चौकटीची रुंदीही 1080, हा योगायोग बाईंच्या फार कामाचा आहे. पडद्याच्या डाव्या बाजूचा 1080 बाय 1080 चा चौरस घेतला, तर तो उभ्या चौकटीत बरोबर रुंदीभर बसतो, एका पिक्सेलला एक पिक्सेल, न ताणता, न दाबता. अक्षरं जशी संगणकावर दिसतात तशीच कोरीव राहतात. आणि उजवीकडे पडद्याचे जे 840 पिक्सेल उरतात, त्यात ओबीएसची खिडकी ठेवायची. म्हणजे डावीकडे शिकवणं, उजवीकडे चौकटीत काय उमटतंय त्याचा आरसा, आणि ओबीएस स्वतः रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. दुसरा पडदा विकत घ्यायची गरज उरत नाही.

ओबीएसमध्ये Sources खालच्या अधिकच्या चिन्हावरून Display Capture घ्यायचं. इथे पुष्कळ जण Window Capture निवडतात, कारण ‘फक्त एक्सेलची खिडकी’ ही कल्पना नीटनेटकी वाटते. पण एक्सेलमधले खाली उघडणारे मेनू ही विंडोजच्या दृष्टीने बहुधा वेगळी खिडकी असते. खिडकीपुरतं रेकॉर्ड केलं तर बाई मेनू उघडतात, त्यातला पर्याय निवडतात, आणि प्रेक्षकाला मात्र बाण रिकाम्या जागेवर फिरताना दिसतो. शिकवण्यासाठी पूर्ण पडदा घेऊन तो कापणंच बरं.

तो कापायचा असा. पडद्याचा सोर्स निवडून Ctrl+E दाबा, Edit Transform ची चौकट उघडते. त्यात उजवीकडचं Crop 840 करा आणि Position मध्ये आडवा अंक 0, उभा अंक 232 लिहा. पडद्याचा चौरस वरून 232 पिक्सेल सोडून बसतो आणि 1312 वर संपतो. मग Video Capture Device घेऊन वेबकॅम जोडा. वेबकॅमचं आडवं चित्र 1080 रुंदीत बसवलं की त्याची उंची 608 होते, आणि चौरसाखाली उरलेली जागाही नेमकी 608 आहे. कॅमेऱ्याचं चित्र न कापता तळाशी बसतं. कॅमेऱ्याची Position म्हणजे 0 आणि 1312. सगळं जागेवर आलं की Sources मधल्या प्रत्येक नावापुढचं कुलूप लावून टाका, नाहीतर माउसच्या एका चुकार ओढीने मांडणी हलते.

चेहरा खाली आणि पडदा वर, यामागे कारण आहे. फोनवर क्लिपच्या तळाशी खात्याचं नाव आणि मजकूर येतो, उजव्या कडेला खालच्या भागात पसंती नि शेअरची बटणं येतात. मेटा कंपनी जाहिरातदारांना सांगते, की रील्समध्ये वरचे सुमारे 14 टक्के, खालचे सुमारे 35 टक्के आणि दोन्ही बाजूंचे 6 टक्के भागात वाचायचा मजकूर ठेवू नका. जाहिरातीवर जादा बटण असतं, म्हणून हे प्रमाण साध्या क्लिपसाठी जरा कडक आहे, पण पाळलं तर नुकसान काहीच नाही. बाईंच्या चौकटीत वरचे 14 टक्के म्हणजे 269 पिक्सेल. त्यात चौरसाचा जो थोडा भाग सापडतो, ती एक्सेलची सगळ्यात वरची, फाइलच्या नावाची पट्टी. खालचे 35 टक्के 1248 पासून सुरू होतात. त्यात चौरसाची जी तळाची पट्टी सापडते, ती एक्सेलच्या शीटच्या नावांची आणि झूमची. शिकवायचं जे आहे ते सगळं मधल्या मोकळ्या भागात राहतं. चेहऱ्यावर अक्षरं आली तरी बोलणं कळतं, आकड्यांवर आली तर धडा गेला. बाईंनी फक्त जरा डावीकडे आणि डोकं पट्टीच्या वरच्या भागात येईल असं बसायचं.

आता अक्षरांचा आकार. एक्सेलच्या उजव्या तळाशी असलेला झूम 150 टक्के केला की रकान्यांतली अक्षरं मोठी होतात, पण वरची रिबन, म्हणजे बटणांची पट्टी, तेवढीच राहते. आणि बाईंना तर बटणच दाखवायचं आहे. रिबन मोठी करायची तर विंडोजच्या Settings मध्ये System, त्यात Display, त्यात Scale वाढवावं लागतं. ते 125 टक्के केलं, तर रिबनमधलं अक्षर 15 पिक्सेलचं, फोनवर सुमारे एक मिलिमीटरचं होतं, आणि रकान्यातलं अक्षर दोन मिलिमीटरच्या जवळ जातं. Scale आणखी वाढवायचा मोह होतो, पण एक्सेलची खिडकी आता 1080 पिक्सेलचीच आहे. जागा अपुरी पडली की रिबन आपली बटणं एकेका मोठ्या बटणाखाली गुंडाळून ठेवते. मग प्रेक्षकाच्या संगणकावर जे बटण उघड्यावर दिसतं, ते क्लिपमध्ये सापडतच नाही. 125 वर थांबायचं आणि रेकॉर्ड करण्याआधी हवं ते बटण दिसतंय ना, ते पाहायचं.

अक्षरं ओबीएसमध्ये ओढून मोठी करू नका, हेही इथेच सांगतो. एक्सेलमध्ये किंवा विंडोजमध्ये मोठं केलेलं अक्षर नव्याने रेखलं जातं, म्हणून ते स्वच्छ असतं. ओबीएसमध्ये ओढून मोठं केलेलं अक्षर हे आधीच्याच ठिपक्यांना फुगवून केलेलं असतं, म्हणून ते धूसर होतं.

विंडोजची खालची टास्कबार आपोआप लपेल अशी ठेवायची. एक्सेलची खिडकी डाव्या कडेला लावून तिची उजवी कड ओढत जायची, आणि ओबीएसच्या चित्रात ती चौरसाच्या कडेला टेकली की सोडायची. मोजपट्टीची गरज नाही. ओबीएसमधलं उभं चित्र सुरुवातीला अगदी चिमुकलं दिसेल, कारण खाली Scenes, Sources, Audio Mixer या चौकटी उंची खाऊन बसतात. त्यांना ओढून बाजूला नेता येतं किंवा Docks या मेनूतून तात्पुरतं लपवता येतं. तेवढं केलं की आरसा मोठा होतो.

राहिलं वरच्या पट्टीतलं शीर्षक. मराठीत लिहिणाऱ्यासाठी इथे एक खास खड्डा आहे. विंडोजवर ओबीएसच्या Text सोर्सचा GDI+ हा प्रकार देवनागरी नीट लिहितो. पण मॅक आणि लिनक्सवर मिळणारा FreeType 2 हा प्रकार अक्षरं जुळवण्याचे आपल्या लिपीचे नियम पाळत नाही. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं फुटून हलंत अक्षरं उघडी पडतात. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. शीर्षक दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये लिहून PNG चित्र म्हणून जतन करा आणि Image सोर्समध्ये घ्या, म्हणजे अक्षर मोडण्याचा प्रश्नच राहत नाही. ‘मथळा जागेवरून हलू देऊ नका’ एवढी एकच ओळ, चौरसाच्या लगत, पट्टीच्या तळाला बसवायची. अगदी वरच्या कडेला फोनचं घड्याळ आणि बॅटरीची चिन्हं येतात, तिथे मजकूर नको.

रेकॉर्डिंगच्या दर्जासाठी Settings मधल्या Output भागात Recording Quality पाहा. तिथे Same as stream असेल तर बदला, कारण तो दर्जा थेट प्रक्षेपणासाठी आवळलेला असतो आणि हलत्या रकान्यांत अक्षरं चिघळतात. High Quality पुरेशी आहे. वेग 30 फ्रेमचा ठेवा, रकाने दाखवायला त्याहून जास्त लागत नाही. फाइल MKV मध्ये झाली तर घाबरू नका. वीज गेली तरी तोपर्यंतचं रेकॉर्डिंग वाचतं, हा त्या प्रकाराचा फायदा. नंतर File मेनूतल्या Remux Recordings ने तिची MP4 करून घेता येते, आणि त्यात दर्जा कमी होत नाही.

आता बाई बोलायला बसतात. यादी खाली सरकवतात, मथळा वर निघून जातो. ‘ही 2500 फी आहे की अनुक्रमांक, काही कळतंय का?’ मग पुन्हा अगदी वर येतात, View, Freeze Panes, Freeze Top Row. मेनू उघडलेला पूर्ण दिसतो, कारण पूर्ण पडदा घेतला आहे. पुन्हा यादी सरकवतात, नावं वर जातात, मथळा जागेवर. झूम वाढवल्यामुळे पडद्यावर एका वेळी पंधरा-सतरा ओळीच मावतात, म्हणून यादी चाळीसची घेतली. दहा नावांची घेतली असती तर सरकवायला काही उरलंच नसतं. उभी चौकट अशी धड्याचा नमुनाही ठरवते. चारच स्तंभ, तेही पहिल्या काही रकान्यांत. पंधरा स्तंभांचा ताळेबंद दाखवायचा असेल, तर तो विषय उभ्या क्लिपचा नाही. त्यासाठी आडवा व्हिडिओच करावा.

पडदा 1366 बाय 768 चा असेल, जुन्या लॅपटॉपवर तो असतोच, तर हट्टाने 1080 चा कॅनव्हास घेऊ नये, सगळं फुगवावं लागेल. कॅनव्हास 720 बाय 1280 चा ठेवा. पडदा उजवीकडून 646 आणि खालून 48 कापा, 720 चा चौरस मिळतो आणि टास्कबारही त्या 48 मध्ये निघून जाते. कॅमेऱ्याची पट्टी 405 ची होते, वर शीर्षकाला 155 उरतात. अशी क्लिप किंचित कमी धारदार दिसते, पण फुगवलेल्या क्लिपपेक्षा नक्कीच स्वच्छ.

ज्यांना एकाच बैठकीत आडवं आणि उभं दोन्ही हवं असतं, त्यांच्यासाठी Aitum Vertical नावाचं जोड-सॉफ्टवेअर ओबीएसमध्ये दुसरा, उभा कॅनव्हास देतं. थेट प्रक्षेपण करणाऱ्यांना ते उपयोगी आहे. शिकवणाऱ्यांना मी ते सुचवणार नाही, कारण आडव्यासाठी बोलताना हात पुन्हा पडदाभर फिरू लागतो.

पूर्ण क्लिप करण्याआधी दहा सेकंद रेकॉर्ड करा. फाइलवर उजवं क्लिक करून Properties मधल्या Details मध्ये Frame width 1080 आणि Frame height 1920 आहे ना, ते बघा. मग ती फाइल स्वतःच्या फोनवर पाठवा. व्हॉट्सॲपने पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ॲप ती दाबून लहान करतं आणि दोष तुमच्या मांडणीचा की दाबण्याचा, ते कळत नाही. फोन नेहमीच्या अंतरावर धरून रिबनवरचं Freeze Panes वाचता आलं, तर मांडणी बरोबर आहे. डोळे बारीक करावे लागले तर एक्सेलचा झूम किंवा विंडोजचं Scale पुन्हा तपासा, आणि ओबीएसमधलं माप मात्र आहे तसंच राहू द्या.